आभार मानताना परत बोलवायचं कसं?

"ताई, मी हाताने शिवलेल्या वह्या बनवून विकते, एकटीच. शंभर-सव्वाशे लोक असे आहेत जे वही संपली की परत माझ्याकडूनच घेतात, पण त्यातले बरेच गेल्या वर्षभरात दिसले नाहीत. मला त्यांच्यासाठी माझ्या आवाजात एक थँक्यू व्हिडिओ करायचाय, परत या असंही म्हणायचंय, पण मागे लागल्यासारखं वाटायला नको. स्क्रिप्ट लिहिली, 'आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांचे मनःपूर्वक आभार, आपल्यासाठी खास सवलत फक्त रविवारपर्यंत' अशी, आणि वाचून बघितली तर मी बोलतेय असं वाटतच नाही. मध्यंतरी शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या काही जणांनी तक्रार केली म्हणून मी कागद बदलला, ते सांगू का? काय बोलू, किती बोलू आणि पाठवू कसा?" – वह्यावाली

सवलतीची ओळ आधी काढून टाका. सवलत देणं वाईट म्हणून नाही, ती वेगळ्या दिवशी वेगळ्या मेसेजमध्ये खुशाल द्या, पण आभारांच्या शेजारी बसली की आभारांचा अर्थच बदलतो. बघणाऱ्याला सुरुवातीला वाटत असतं की ही मनापासून बोलतेय, आणि मग 'रविवारपर्यंत' आलं की त्याच्या डोक्यात आधीचं सगळं नव्याने वाजतं, अच्छा म्हणजे हे विकण्यासाठी होतं. आणि हे जुन्या कस्टमरलाच जास्त लागतं, कारण नवा माणूस जाहिरात समजूनच बघत असतो, जुना मात्र ओळखीचं कुणीतरी काहीतरी सांगतंय म्हणून बघायला थांबलेला असतो. शिवाय ज्याने तीन-चार वेळा पूर्ण किमतीत आनंदाने वही घेतली त्याला आपण नकळत शिकवतो की थोडं थांबलं की स्वस्त मिळतं, आणि मग तो खरंच थांबायला लागतो.

मी अशा प्रत्येक व्हिडिओला एकच चाचणी लावते, तुम्हीही लावा. व्हिडिओ तयार झाला की शेवटची पंधरा सेकंद, म्हणजे जिथे बोलावणं आहे तेवढी, कापून टाका आणि उरलेला भाग ओळखीच्या कुणाला तरी दाखवा. त्याला तो पूर्ण वाटला, काही अर्धवट राहिलंय असं वाटलं नाही, तर तुमचे आभार खरे आहेत. 'बरं, मग पुढे?' असं विचारलं तर समजा की पहिला सगळा भाग नुसती प्रस्तावना होता. तुमची आत्ताची स्क्रिप्ट या चाचणीत पडते, कारण त्यातून सवलत काढली तर सन्माननीय आणि मनःपूर्वक एवढंच उरतं, आणि हे दोन शब्द कुठल्याही दुकानाने कुणालाही म्हटलेले चालतात.

आता दबाव नको म्हणता तो नेमका कुठून येतो ते बघू. तारीख आणि 'शेवटचे काही नग' हे तर सगळ्यांना दिसतं. जॅक ब्रेम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं होतं की आपलं निवडीचं स्वातंत्र्य कुणीतरी काढून घेतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला बघतो, बऱ्याचदा सांगितलेल्याच्या बरोबर उलट वागून. त्यामुळे घाई लावली की काही जण घेतात आणि काही जण त्या घाईमुळेच घेत नाहीत, आणि मानी स्वभावाचा, स्वतःहून परत परत येणारा कस्टमर दुसऱ्या गटात जायची शक्यता जास्त, असं माझं मत आहे. पण प्रेमाने दिलेला दबाव जास्त फसवा असतो. 'तुमची फार आठवण येते', 'कुठे गायब झालात', 'तुमच्याशिवाय हे शक्यच नाही', 'आम्हाला विसरलात वाटतं', ही वाक्यं बोलणाऱ्याला गोड वाटतात पण ऐकणाऱ्यावर अपराधीपणा टाकतात. वर्षभर वही न घेणाऱ्याने तुमचं काही वाईट केलेलं नसतं. त्याची जुनी वही अजून अर्धी कोरी असेल, हात दुखत असेल, पैशाची ओढाताण असेल, तो मोबाईलवरच लिहायला लागला असेल. त्याच्या न येण्याबद्दल व्हिडिओत एक शब्दही नको. 'बऱ्याच दिवसांत भेट नाही' एवढंही नको.

मग बोलायचं काय, तर तुम्ही जे सांगू का म्हणून विचारलंत तेच, कागदाचं. ते सांगाच, ते सोडून दुसरं काही नसलं तरी चालेल. परत येणाऱ्या कस्टमरने तुम्हाला नुसते पैसे दिलेले नाहीत, तुमचं काम सुधारलंय. एकदा घेऊन जाणारा शाई मागच्या पानावर उमटली तर दुसरीकडे जातो, तो कशाला सांगत बसेल, ज्याला परत घ्यायची आहे तोच सांगतो. म्हणजे तुमच्या आजच्या वहीत त्यांचं बोलणं आहे, आणि हे फक्त तुम्हीच सांगू शकता कारण हे तुमच्याच टेबलावर घडलं. आभार मानताना नेमकी एक गोष्ट धरा, ती गोष्ट हातात घेऊन दाखवता आली तर फारच छान, आणि त्यांनी काय केलं आणि त्यामुळे तुमच्याकडे काय बदललं हे दोन्ही सांगा. पाच गोष्टी सांगायला जाऊ नका, मिनिटभराच्या व्हिडिओत एकच नीट मावते.

मी तुमच्या जागी असते तर साधारण असं बोलले असते:

"नमस्कार, मी (तुमचं नाव). तुम्ही माझ्या वह्या एकदा नाही, परत परत घेतल्यात, म्हणून हा व्हिडिओ फक्त तुम्हाला पाठवतेय. ही वही बघा. आधी हिच्यात जो कागद होता त्यावर शाईच्या पेनाने लिहिलं की मागच्या पानावर उमटायचं. मला हे माहीतच नव्हतं, कारण मी स्वतः बॉलपेनने लिहिते. तुमच्यातल्या काही जणांनी सांगितलं. मग मी कागद बदलला, आणि हे बघा, हे लिहिलेलं पान, आणि ही त्याची मागची बाजू. तुम्ही एकदा घेऊन गप्प बसला असता तर मी अजून तोच कागद वापरत असते. तर थँक्यू, वह्या घेतल्याबद्दल आणि मला सांगितल्याबद्दलही. नव्या कागदाच्या वह्या आता माझ्याकडे असतात. कधी लागली तर याच नंबरवर कळवा. नको असेल तर काहीच करायची गरज नाही, मला थँक्यू म्हणायचं होतं ते म्हणून झालं."

हे एकशेदहाच्या आत-बाहेर शब्द आहेत आणि सावकाश बोललं तर मिनिटभर लागतं, वही उलटून दाखवायला अजून थोडी सेकंद. याच्यापेक्षा मोठा करू नका. बॉलपेनचं वाक्य तुमच्या बाबतीत खरं नसेल तर काढा, त्या जागी तुमचं खरं कारण घाला, पण असं एखादं वाक्य राहू द्या कारण त्यानेच कळतं की बोलणारी व्यक्ती आहे, कंपनी नाही. त्याच कारणासाठी सगळीकडे 'मी' म्हणा. तुम्ही एकट्या काम करता आणि 'आम्ही' म्हणता, तिथेच आवाज परका होतो. आणि मागची बाजू कॅमेऱ्यात दाखवायच्या आधी आपल्या घरातल्या एका पेनावर भरवसा ठेवू नका, जाड निबच्या आणि ओल्या शाईच्या दोन-तीन पेनांनी लिहून बघा. जीएसएम म्हणजे कागदाचं वजन फक्त, शाई फुटते की नाही हे कागदाच्या साइझिंगवर, म्हणजे शाई आत शोषली जाऊ नये म्हणून दिलेल्या खळीवर पण ठरतं, त्यामुळे जास्त जीएसएमचा कागदही कधी कधी शाई पितो. एखाद्या पेनाने उमटत असेल तर व्हिडिओतच सांगा की फार जाड निब असेल तर थोडं दिसतं. तक्रार करणारे लोकच तो व्हिडिओ बघणार आहेत, ते पहिल्याच पानावर तपासतील.

स्क्रिप्टचं शेवटचं वाक्य बघा, नको असेल तर काहीच करायची गरज नाही. निकोला गेगाँ आणि अलेक्झांद्र पास्क्युआल या फ्रेंच संशोधकांनी २००० साली एक प्रयोग छापला होता, रस्त्यावर अनोळखी लोकांकडे बसच्या भाड्यासाठी सुटे पैसे मागायचे आणि काहींना सोबत म्हणायचं की द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. ज्यांना असं म्हटलं त्यांच्यातले कितीतरी जास्त लोक तयार झाले. हे वाचून बरेच जण ते वाक्य युक्ती म्हणून वापरतात, आणि तिथेच घोळ होतो, कारण रस्त्यावरचा माणूस त्याच क्षणी निर्णय घेतो आणि निघून जातो. तुमचा कस्टमर निर्णय कदाचित तीन महिन्यांनी घेणार आहे आणि तोपर्यंत तुम्ही कशा वागता हे बघणार आहे. 'काहीच करायची गरज नाही' म्हणून चौथ्या दिवशी 'व्हिडिओ बघितलात का?' असा मेसेज टाकला तर ते वाक्य खोटं ठरलं. म्हणून हे वाक्य बोलायचं असेल तर या व्हिडिओनंतर त्याबद्दलचा एकही आठवणीचा मेसेज जाणार नाही हे आधी ठरवा, आणि ते जमणार नसेल तर वाक्य बोलू नका.

आता आवाज. स्क्रिप्ट लिहून वाचली की प्रत्येकाचा आवाज बातम्या दिल्यासारखा होतो, तुमचाच नाही. माझा उपाय असा आहे की आधी लिहायचंच नाही. मैत्रिणीला फोनवर कागदाची गोष्ट सांगताय असं समजून मोबाईलमध्ये फक्त आवाज रेकॉर्ड करा, दोन-तीन वेळा, मग ते ऐकून जे शब्द तुमच्या तोंडात आपसूक आले ते कागदावर उतरवा आणि त्यातून कापाकापी करा. माझी वरची स्क्रिप्ट पण पाठ करू नका, ती माझ्या तोंडची आहे. शूट करताना चार शब्द मोठ्या अक्षरात लिहून कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवा, शाई, सांगितलं, मागची बाजू, थँक्यू, एवढंच. पूर्ण वाक्यं चिकटवली तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात आणि वाचतेय हे लगेच कळतं.

सुरुवातीचे टेक ताठ येतातच, ते पुसू नका आणि लगेच बघूही नका, कारण स्वतःला बघितलं की पुढच्या टेकला माणूस केस आणि चेहरा सांभाळत बसतो. सलग पाच-सहा घ्या, मग थोड्या वेळाने बघा. निवडताना सगळ्यात स्पष्ट उच्चारांचा नाही तर जिथे वही उलटताना तुमचं लक्ष खरंच वहीवर आहे तो टेक घ्या, मध्ये एखादं वाक्य अडखळलं असेल तरी चालेल. एक साधी खूण सांगते. आवाज बंद करून टेक बघा, बोलताना हात हलतायत का, भुवया हलतायत का. नुसते ओठ हलत असतील तर तुम्ही पाठ केलेलं म्हणताय. हातात वही असली की हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, कॅमेऱ्यासमोर तोंड न उघडणाऱ्यांना मी नेहमी हातात काहीतरी काम देते.

तांत्रिक बाजूत आवाज सोडला तर कशाचीच फार चिंता करू नका. चित्र थोडं दाणेदार चालतं, खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज मात्र लोक दहा सेकंदांत बंद करतात. रिकाम्या भिंती आणि फरशीच्या खोलीत घुमतो, त्यामुळे पडदे, गादी, कपडे, कागदाचे गठ्ठे असतील अशी खोली निवडा, तुमची कामाची खोली कदाचित आधीच चांगली असेल. पंखा बंद. मोबाईल हातभर अंतरावर असेल तर त्याचा माईक पुरतो, त्याहून लांब ठेवायचा असेल तर वायरवाल्या इअरफोनचा माईक छातीशी लावा, फक्त तो कपड्याला घासत नाही ना हे एकदा ऐकून घ्या. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. मोबाईल उभाच ठेवा कारण लोक तो मोबाईलवरच बघणार आहेत, डोळ्यांच्या उंचीवर, आणि मागचा कॅमेरा वापरा म्हणजे स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसत नाही आणि नजर लेन्सवर राहते. लेन्स पुसा. मागे म्युझिक नको, अजिबात नको, म्युझिक आलं की जाहिरात वाटते. खाली सबटायटल मात्र घाला, बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, आणि आपोआप तयार होणारी सबटायटलं मराठीत शब्द चुकवतात म्हणून पाठवण्याआधी एकेक ओळ वाचून दुरुस्त करा.

पाठवण्याआधी यादीवर बसा, खरं काम तिथे आहे. शंभर-सव्वाशे नावं म्हणजे एका संध्याकाळचं काम. ज्यांची ऑर्डर अडकलीये, ज्यांना खराब वही गेली आणि बदलून द्यायची राहिलीये, ज्यांच्या मेसेजला तुम्ही उत्तर दिलं नाही, त्यांना हा व्हिडिओ आत्ता पाठवू नका, आधी ते काम संपवा. तक्रार पडून असताना आलेला थँक्यू चिडवल्यासारखा वाटतो. ज्यांनी कधी मेसेज नको म्हणून सांगितलं असेल त्यांनाही वगळा. उरलेल्यांत वर्षभर न आलेले आणि नियमित येणारे असे दोन गट करायचा मोह होईल, पण व्हिडिओ दोघांना एकच पाठवा. या व्हिडिओत कुणी आलं नाही असा विषयच नाही, त्यामुळे तो दोघांना तेवढाच लागू पडतो, आणि नुसत्या न येणाऱ्यांना पाठवला तर तो परत बोलावण्याचा डाव होतो आणि जे टिकून आहेत त्यांना थँक्यू मिळतच नाही.

व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट केलात तर एक गोष्ट लक्षात घ्या, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. वर्षभर न आलेल्यांनी फोन बदलला असेल, नंबर गेला असेल, म्हणजे नेमके तेच सुटतील. म्हणून मी म्हणेन की एकेकाला वेगळा पाठवा, रोज वीस-एक जणांना, आठवडाभर. वेळ लागतो पण दोन फायदे होतात. एक तर लोक उत्तरं देतात आणि वीस जणांना तुम्ही त्याच दिवशी नीट उत्तर देऊ शकता, सव्वाशे जणांना नाही. दुसरं, पहिल्या वीस जणांत कुणाला आवाज कमी आला, कुणाला व्हिडिओ उघडलाच नाही, हे कळतं आणि बाकीच्यांना सुधारलेला जातो. ईमेलवर पाठवायचा असेल तर फाईल जोडू नका, जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे आणि मोबाईलचा मिनिटभराचा व्हिडिओ सहज त्याच्या वर जातो, त्यापेक्षा लिंक द्या.

व्हिडिओच्या वर एक ओळ हाताने लिहा, नाव घालून. इथे लोक फार चुकतात. 'तुमची शेवटची ऑर्डर चौदा महिन्यांपूर्वी होती' असं लिहिलं की कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटतं. जे त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलं होतं तेच आठवणीने लिहा, जे वहीखात्यातून तुम्हाला कळलं ते नको. ज्याने शाई उमटल्याचं सांगितलं होतं त्याला 'हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून आधी तुम्हाला' असं लिहा. ज्याच्याबद्दल असं काही आठवत नाही त्याला नुसतं नाव आणि 'एक मिनिटाचा व्हिडिओ आहे, सवडीने बघा', बस. ऑर्डरची लिंक या मेसेजमध्ये टाकू नका, नंबर तोच आहे, ज्याला हवं तो विचारेल.

आणि उत्तरं येतील त्यांचं. बरेच जण फक्त हात जोडलेले किंवा हार्ट पाठवतील, त्यावर तुम्हीही तेवढंच पाठवून थांबा, तिथून ऑर्डरकडे गाडी वळवू नका. काही जण लिहितील की वही अजून संपली नाही, किंवा आता लिहिणंच होत नाही. ही उत्तरं कुठेतरी लिहून ठेवा, वर्षभर लोक का आले नाहीत याचं खरं कारण तुम्हाला इथेच मिळणार आहे, आणि दहा जणांनी वही संपत नाही असं सांगितलं तर कदाचित तुम्हाला कमी पानांची वही करायला हवी. काही जण किंमत विचारतील, त्यांना सरळ सांगा. आणि कुणीतरी नक्की एखादी जुनी तक्रार काढेल, पुठ्ठा सुटला होता, शिवण ढिली होती, तेव्हा बोलले नव्हते. त्यांना त्याच दिवशी फोन करा, वहीचा फोटो मागून घ्या, आणि शिवणीचा दोष असेल तर नवी पाठवून द्या.

हा व्हिडिओ किती ऑर्डर आणतो हे महिनाभर तरी मोजू नका, कारण वही लागते तेव्हाच लागते आणि लगेच आकडा बघितलात तर आठवणीचा मेसेज टाकायचा मोह होईल. त्याऐवजी किती जणांनी शब्दांत उत्तर दिलं ते बघा. पुढचा व्हिडिओ दर तीन महिन्यांनी ठरवून करू नका, असंच काहीतरी त्यांच्या सांगण्यावरून बदललं की करा. ते दोन वर्षांनी असलं तरी चालेल.